‘इतर’ रिकोड केलं की बाजार समितीचा आकडा फुगतो, बेरीजही जुळत नाही: कुठं काय तपासायचं

सर्व्हेचा डेटा आला, ‘इतर’मध्ये लोकांनी लिहिलेली उत्तरं वाचली, त्यातली निम्मी तर आपल्याच पर्यायांत बसणारी निघाली, म्हणून ती तिकडं टाकली, आणि मग टेबल काढलं तर एकच पर्याय एकदम दहा टक्क्यांनी वर गेलेला, नाहीतर एकूण माणसंच वाढलेली. नाशिककडं शेतीचे सर्व्हे करणाऱ्या पोरांकडून ही तक्रार मला दर हंगामात ऐकायला येते. म्हणून एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जातो. आकडे समजावायला घेतलेले आहेत, पण उत्तरं निफाड, चांदवड, येवला भागात फिरलं की जशी कागदावर येतात तशीच आहेत.

समजा 400 शेतकरी, आणि प्रश्न असा की ‘या हंगामातला उन्हाळ कांदा कुठं कुठं विकला?’ एकापेक्षा जास्त उत्तरं चालतात, म्हणजे फॉर्ममध्ये `select_multiple`. पर्याय असे: जिल्ह्यातल्या बाजार समितीत लिलाव, व्यापाऱ्याला थेट, शेतकरी उत्पादक कंपनी, सरकारी खरेदी म्हणजे नाफेड किंवा एनसीसीएफ, ग्राहकाला थेट, आणि इतर. कच्चा डेटा आला तेव्हा बाजार समिती 262, व्यापारी 61, कंपनी 22, सरकारी 14, ग्राहक 19, इतर 90. आता 400 मध्ये 90 इतर म्हणजे खूपच झाले, ते तसेच छापणं बरोबर नाही, रिकोड करायलाच हवं. प्रश्न फक्त कसं करायचं एवढाच आहे.

90 उत्तरं वाचली की साधारण असे ढीग पडतात. 38 जणांच्या पुढं बाजाराचं नाव आहे, लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, ‘मार्केटला नेला’ वगैरे. 20 जणांनी ‘खळ्यावर’ म्हटलंय. 12 जणांच्या उत्तरात ‘कंपनी’ किंवा ‘नाफेड’ आहे. 11 जण म्हणतात कांदा अजून चाळीत आहे, विकलाच नाही. आणि 9 खरोखर वेगळे आहेत, म्हणजे कुणी सुरतला स्वतः गाडी भरून नेला, असले.

आकडा फुगतो त्याचं पहिलं कारण: टिक आधीच केलेली असते

बहुतेक जण इथं 262 मध्ये 38 मिळवतात आणि 300 लिहून मोकळे होतात. 400 मध्ये 300, म्हणजे 75 टक्के. पण ते 38 रेकॉर्ड एकेक करून उघडून बघा. त्यातल्या 24 जणांनी बाजार समितीवर टिक केलेलीच आहे, वर ‘इतर’लाही टिक आहे आणि तिथं ‘विंचूर’ लिहिलंय. विंचूर म्हणजे लासलगाव बाजार समितीचंच उपबाजार आवार. झालंय एवढंच, की शेतकऱ्यानं बाजाराचं नाव सांगितलं, ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, म्हणून सर्व्हे करणाऱ्या मुलानं ते इतरमध्ये लिहिलं. तो माणूस 262 मध्ये मोजला गेलाय, त्याला परत मोजायचं नाही. नवीन फक्त 14. म्हणजे 276.

त्यामुळं आकड्यात आकडा कधीच मिळवायचा नाही, रेकॉर्डवर काम करायचं. प्रत्येक पर्यायाचा 0/1 कॉलम असतो, त्यात 1 असेल तर 1च राहतो, 0 असेल तर 1 होतो, बस. आणि ‘इतर’चा 1 तेव्हाच 0 करायचा जेव्हा लिहिलेल्या मजकुरातलं काहीच शिल्लक राहत नाही. ‘लासलगावला दिला आणि थोडा सुरतला नेला’ असं उत्तर असेल तर बाजार समिती 1 होईल पण इतर पण 1च राहील, कारण सुरतचा भाग कुठंच बसलेला नाही.

यावरून एक तपासणी मिळते आणि ती मी कधीच सोडत नाही. एकच उत्तर घ्यायचा प्रश्न असेल तर ‘इतर’ जेवढं कमी झालं तेवढीच बाकीच्या पर्यायांत वाढ दिसली पाहिजे, एकचाही फरक नको. अनेक उत्तरांच्या प्रश्नात मात्र ते जुळणारच नाही, आणि जुळलं तर उलट शंका घ्या. इथं इतर 38 ने कमी आणि बाजार समिती 14 ने जास्त, मधले 24 म्हणजे आधीच टिक असलेले. हे 24 वेगळे मोजून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे ‘बाकीचे गेले कुठं’ असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

कोबोवाल्यांसाठी एक सांगतो. एक्स्पोर्टमध्ये एकाच प्रश्नाचा एक एकत्र कॉलम येतो, त्यात `apmc trader other` असं स्पेस देऊन लिहिलेलं असतं, आणि शिवाय प्रत्येक पर्यायाचा वेगळा 0/1 कॉलम असतो. तुम्ही 0/1 बदलले आणि एकत्र कॉलम तसाच ठेवला, आणि दुसऱ्या कुणी त्या एकत्र कॉलमवरून टेबल काढलं, की दोघांचे आकडे वेगळे येणारच. रिकोड झाल्यावर एकत्र कॉलम नव्यानं बनवा नाहीतर फाइलमधून काढूनच टाका. कच्ची फाइल अर्थातच वेगळी, तिला हात लावायचा नाही, नवीन कॉलम `_n` लावून बाजूला करायचे.

‘खळ्यावर’ म्हणजे नेमकं कुठं

सगळ्यात जास्त गडबड इथं होते, आणि बाहेरगावच्या माणसाला हे कळतच नाही. आपल्याकडं खळं शेतकऱ्याचंही असतं आणि व्यापाऱ्याचंही. शेतकऱ्याच्या खळ्यावर येऊन व्यापारी माल घेऊन गेला तर ती थेट विक्री. पण बाजार समितीत ट्रॅक्टरचा लिलाव झाला की ट्रॅक्टर तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, माल तिथं उतरतो, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात शेवटची जागा राहते ती खळ्याचीच. ‘कुठं विकला’ विचारलं की तो सहज म्हणतो, ‘खळ्यावर दिला.’ तिसरंही होतं, लिलाव न करता शेतकरी सरळ व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी नेतो. शब्द एकच आणि त्यातून दोन वेगळे कोड निघतात.

इथं लोक दोनपैकी एक चूक करतात. एक तर ‘बहुतेक सगळे बाजार समितीतच विकतात, मग हेही तिथलेच’ म्हणून सगळे 20 मोठ्या पर्यायात टाकतात. असं केलं की जो पर्याय आधीच मोठा आहे तो दर वेळी अजून मोठा होत जातो आणि लहान पर्याय आहे त्यापेक्षा लहान दिसतो, आणि हे प्रत्येक शंकेच्या उत्तरात एकाच दिशेनं होत असल्यामुळं चुका एकमेकींना खोडत नाहीत, साठत जातात. दुसरी चूक जास्त लपलेली आहे. भाव बघून ठरवतात. ‘याला क्विंटलला भाव चांगला मिळालाय म्हणजे लिलावातच गेला असणार.’ आणि पुढच्याच टेबलमध्ये दाखवतात की बाजार समितीत थेट विक्रीपेक्षा भाव जास्त मिळतो. अहो, तुम्ही भाव बघूनच तर माणूस तिथं टाकलाय, मग टेबलमध्ये दुसरं काय दिसणार? ज्या गोष्टीची पुढं पर्यायांनुसार तुलना करायची आहे ती कोडिंग करताना डोळ्यांसमोर असताच कामा नये. कोडिंगच्या शीटमध्ये रेकॉर्ड नंबर, लिहिलेलं उत्तर आणि त्याच प्रश्नाच्या बाकीच्या टिका एवढंच ठेवा. भाव, जमीन, गाव काही नको.

मग करायचं काय? फोन. फॉर्ममध्ये नंबर घेतलेला असतो आणि परत फोन करायची परवानगीही घेतलेली असली पाहिजे. विचारताना ‘बाजार समितीत विकला ना?’ असं विचारू नका, माणूस हो म्हणून टाकतो. ‘खळ्यावर माल उतरायच्या आधी त्याचा लिलाव झाला होता का, झाला तर कुठं?’ असं विचारा. समजा 20 पैकी 12 जणांनी फोन उचलला. 7 जणांचा लिलाव झाला होता, त्यातल्या 5 जणांची बाजार समितीची टिक आधीच होती, म्हणजे नवीन 2. आणि 5 जणांनी थेट दिला होता, त्यांची व्यापाऱ्याची टिक नव्हती, म्हणजे तिथं नवीन 5. बाजार समिती 278, व्यापारी 66.

उरले 8, ते इतरमध्येच राहतील. अंदाजानं वाटायचे नाहीत, 7 ला 5 या प्रमाणातही नाही, कारण फोन उचलणारे आणि न उचलणारे सारखेच असतील असं कशावरून? त्याऐवजी मर्यादा सांगा. या आठांपैकी कुणाचीच दोन्हीकडं टिक नाही असं धरू. सगळे 8 लिलाववाले निघाले तर बाजार समिती 286, एकही नाही निघाला तर 278. व्यापाऱ्याचं तसंच, 66 ते 74. टेबलखाली एका ओळीत हे लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की शंका किती मोठी आहे. इथं ती छोटी आहे. पण व्यापाऱ्याच्या 66 मध्ये 8 म्हणजे थोडं नाही, बाजार समितीच्या 278 मध्ये थोडं आहे. शंकेचं ओझं नेहमी लहान पर्यायावर जास्त पडतं, तिथं जास्त जपायचं.

कंपनी, नाफेड, आणि न विकलेला कांदा

नाफेड आणि एनसीसीएफची बफर खरेदी इकडं बऱ्याचदा शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत होते. त्यामुळं ‘नाफेडच्या कंपनीला दिला’ हे उत्तर कंपनीत टाकायचं की सरकारीत? दोन्हीकडं 1 करावंसं वाटतं, पण थांबा. ज्या 14 जणांनी सरकारी खरेदीवर टिक केली त्यांचाही कांदा कंपनीच्याच केंद्रावर उतरलेला असू शकतो, आणि ट्रेनिंगमध्ये मुलांना सांगितलं असेल की नाफेडसाठी घेतला असेल तर फक्त सरकारी, तर त्या 14 जणांची कंपनीवर टिक नाही. मग इतरवाल्यांना दोन टिका दिल्या तर एकाच प्रकारची विक्री दोन प्रकारे मोजली गेली. ट्रेनिंगच्या वेळच्या सूचनांचा कागद काढा आणि त्याप्रमाणंच करा. नियम असा धरायचा की हेच उत्तर सर्व्हे करणाऱ्यानं समोर बसून ऐकलं असतं तर त्यानं कुठं टिक केली असती. 12 पैकी 7 मध्ये नाफेडचं नाव आहे, ते सरकारीत, त्यातल्या 3 जणांची टिक आधीच होती, म्हणून सरकारी 18. बाकी 5 जणांनी नुसतं ‘कंपनी’ लिहिलंय, ती उत्पादक कंपनी की खासगी हे कळत नाही, ते इतरमध्येच.

चाळीत कांदा असलेले 11 जण म्हणजे वेगळीच गोष्ट. त्यांनी विकलाच नाही, म्हणजे हा प्रश्न त्यांना लागूच नव्हता. त्यांची दुसरी कुठलीच टिक नाही ना ते बघा. ‘अर्धा चाळीत आहे’वाले बाहेर काढायचे नाहीत, त्यांनी बाकीचा अर्धा विकलाय. पक्के 11 असतील तर ते इतरमधूनही जातात आणि छेदातूनही, छेद 400 चा 389 होतो. आता बाजार समिती 389 मध्ये 278, म्हणजे 71.5 टक्के, आणि वरची मर्यादा 286 धरली तर 73.5. कच्च्या डेटात 65.5 होते, आणि नुसतं मिळवणाऱ्याचे 75 झाले असते. इतर राहिलं 22: फोन न लागलेले 8, नुसती ‘कंपनी’ 5 आणि खरे वेगळे 9. शून्य करायच्या मागं लागू नका.

माणसंच वाढली तर

400 चे 407 झाले असतील तर कारण जवळपास नेहमी एकच असतं. तुम्ही उत्तर आणि कोड अशी यादी केली आणि ती डेटाला जोडली, पण यादीत एकच उत्तर दोनदा आहे, एकदा एका कोडनं आणि एकदा दुसऱ्या. जोडताना तो रेकॉर्ड दुप्पट होतो. एक्सेलमध्ये व्हीलूकअपनं केलं तर माणसं वाढत नाहीत, पण तो पहिलाच कोड उचलतो आणि दुसरा गुपचूप गळतो, म्हणजे चूक दिसतही नाही. म्हणून यादी आडवी करा: एका उत्तराला एकच ओळ, आणि पुढं प्रत्येक पर्यायाचा 0/1 कॉलम, शेवटी ‘काही उरलं का’चा एक कॉलम. आणि जोडताना तपासणी लावा:

```python
yadi = yadi.dropna(subset=["itar_saaf"])
df = df.merge(yadi, on="itar_saaf", how="left", validate="m:1")
for k in ["apmc", "trader", "fpc", "govt", "direct"]:
    df[k + "_n"] = df[[k, "m_" + k]].max(axis=1)
df["other_n"] = df["m_urla"].fillna(df["other"])
```

`validate="m:1"` मुळं यादीत डुप्लिकेट असेल तर तिथंच एरर येऊन थांबतं. पहिली ओळ पण काढू नका. पांडासमध्ये रिकामं रिकाम्याशी जुळतं, त्यामुळं एक्सेलच्या यादीत चुकून एक रिकामी ओळ राहिली आणि तिच्यापुढं कोड असेल तर ज्यांनी इतरमध्ये काहीच लिहिलं नाही त्या सगळ्यांना तो कोड लागतो. यादीत नसलेलं उत्तर मात्र आपोआप इतरमध्येच राहतं, आणि तसंच व्हायला पाहिजे. ‘खळ्यावर’सारखी उत्तरं या यादीत घालूच नका, ती माणसागणिक वेगळी आहेत, त्यांची यादी रेकॉर्ड नंबरवर वेगळी करा.

आणि मजकुरात शब्द शोधून कोड लावायचा मोह टाळा. ‘मार्केट’ असेल तिथं बाजार समिती असं केलं तर ‘मार्केट बंद होतं म्हणून व्यापाऱ्याला दिला’ पण त्यातच जातं, ‘खासगी मार्केटला दिला’ पण जातं. वेगवेगळी उत्तरं पन्नाससाठच असतात हो, दोघांनी वेगवेगळं बसून वाचायची आणि जिथं जुळलं नाही तिथं बोलायचं, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सारखंच उत्तर यादीत दोनदा का येतं याचं एक कारण मराठी टायपिंग आहे. ‘व्यापाऱ्याला’ मधला ऱ्या दोन पद्धतीनं टाइप होतो, एका कीबोर्डवर थेट ऱ येतो, दुसऱ्यावर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला वेगळं. ‘ॲ’ पण तसंच. हे जोडचिन्ह नुसतं पुसलं तर ऱ्या चा र्या होतो, म्हणून आधी बदलायचं, मग पुसायचं:

```python
import re, unicodedata
def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = re.sub("[\u200b\u200c\u200d]", "", s)
    return re.sub(r"\s+", " ", s).strip()
```

हे फक्त भरलेल्या उत्तरांवर चालवा, आणि डेटा आणि यादी दोन्हीवर, जोडायच्या आधी; यातून जे येतं तोच वरचा `itar_saaf` कॉलम. लासलगाव आणि लासलगांव यानं एक होणार नाहीत, ते यादीत दोन ओळी म्हणून राहू द्या, काही बिघडत नाही.

पुढच्या प्रश्नांचं काय

हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फॉर्ममध्ये ज्यांनी बाजार समितीवर टिक केली फक्त त्यांनाच पुढं विचारलं की पैसे किती दिवसांनी मिळाले. आपण आत्ता हलवलेल्या 16 जणांना तो प्रश्न आलाच नव्हता. त्यांची तिथली जागा रिकामी आहे, आणि कुणी रिकाम्याचं शून्य केलं तर ते ‘त्याच दिवशी पैसे मिळाले’ असं वाचलं जाईल. त्यांना वेगळा कोड द्या, समजा -7, अर्थ ‘विचारलं नाही’, आणि त्या टेबलचा छेद 278 नाही तर 262 लिहा. दोन टेबलांमध्ये बाजार समितीची माणसं वेगवेगळी दिसतील, ते तसंच बरोबर आहे, खाली टीप द्या.

असंच मागच्या हंगामाशी तुलना करताना. मागच्या वेळी इतर न हलवता आकडा काढला असेल आणि या वेळी हलवून, तर सहा टक्के वाढ कोडिंगमुळंच दिसेल. मागची उत्तरं जपून ठेवली असतील तर त्याच यादीनं तीही रिकोड करा. नसतील तर दोन्ही वर्षं कच्ची शेजारी ठेवा आणि या वर्षाचा सुधारलेला आकडा वेगळ्या टेबलमध्ये द्या.

अजून एक, सुरतला गाडी नेणारे चारपाच जण दिसले की त्यांचा नवा पर्याय काढून बाकीच्यांच्या रांगेत बसवायची घाई होते. करू नका. हा पर्याय कुणालाच वाचून दाखवला नव्हता, ज्यांनी आपणहून सांगितला तेवढेच इथं दिसतायत. ‘इतरपैकी’ म्हणून खाली लिहा, आणि तो किमान आकडा आहे असं सांगा.

पुढच्या फेरीआधी ‘इतर’ची टिक सर्व्हे करणाऱ्यागणिक मोजून बघा. बाजाराचं नाव इतरमध्ये लिहिणारी ती 24 उत्तरं बहुतेक दोनतीनच मुलांची निघतील. त्यांना फोन करा, आणि फॉर्ममध्ये बाजार समितीवर टिक झाली की ‘कोणती बाजार समिती?’ हा प्रश्न उघडू द्या, म्हणजे नावाला जागा मिळते. बाजार समितीच्या पर्यायात ‘लिलाव झाला असेल तर, माल खळ्यावर उतरला असला तरी’ एवढं लिहा. आणि विक्रीच्या प्रश्नाच्या आधी ‘कांदा विकला का?’ हा साधा हो-नाही प्रश्न घाला, चाळीतले 11 तिथंच थांबतील.